दर गुरुवारी मरगळणारा कुत्रा: रविवारच्या रश्शाचा हिशेब

तक्रार साधारण अशी असते. कुत्रा चार दिवस ठीक असतो, मग एक-दोन दिवस कोपऱ्यात पडून राहतो. जेवण अर्धं सोडतो, जिना चढताना मध्येच बसतो. लघवी गडद दिसते, कधी काळ्या चहासारखी. आपण दवाखान्यात न्यायचं ठरवतो तोवर तो पुन्हा शेपूट हलवत दारात उभा असतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. कोल्हापुरात मी कुत्र्यांवर उपचार करते, आणि ही तक्रार घेऊन येणाऱ्यांना आता मी पहिला प्रश्न विचारते तो चार दिवसांपूर्वीच्या जेवणाचा. आदल्या रात्रीचं जेवण मग विचारते.

हे मला एका कुत्र्यानं शिकवलं. मंगळवार पेठेतल्या एका मोठ्या घरातला मोत्या, देशी, वय 5 वर्षं, वजन 12 किलो. जानेवारीतल्या एका गुरुवारी त्याला आणलं तेव्हा हिरड्या फिकट होत्या आणि नाडी जलद चालत होती. ताप नव्हता. रक्तात लाल पेशींचं प्रमाण 29 टक्के आलं. निरोगी कुत्र्यात ते साधारण 37 ते 55 टक्के असतं. आपल्याकडे फिकट हिरड्या आणि गडद लघवी दिसली की गोचीड तापाची शंका आधी येते, आणि ती यायलाच हवी, कारण तो आजार इथं खरोखर खूप आहे. मी काचपट्टीवर रक्त पाहिलं. जंतू दिसला नाही, पण नुसत्या एका काचपट्टीवर तो नेहमीच सापडतो असं नाही, म्हणून गोचीड तापाचं औषध सुरू केलं. रविवारपर्यंत मोत्या खेळायला लागला. घरच्यांना आणि मलाही वाटलं, औषध लागू पडलं.

दोन आठवड्यांनी पुन्हा गुरुवारीच फोन आला. औषध चालू होतं, एक गोळीही चुकली नव्हती, आणि प्रमाण 24 वर आलं होतं.

इथं मी थांबून विचार करायला हवा होता तो तेव्हा केला. गोचीड ताप वार बघून येत नाही. वार बघून घरात काय येतं, तर मटण.

लघवी आणि रक्त काय सांगतात

गडद लघवी दोन कारणांनी होते. मूत्रमार्गात रक्तस्राव असेल तर लघवीत अख्ख्या लाल पेशी असतात. नळीत घालून यंत्रात फिरवली की त्या तळाला बसतात आणि वरचं पाणी स्वच्छ होतं. मोत्याची लघवी फिरवूनही तशीच तपकिरी राहिली. याचा अर्थ पेशी शरीरातच फुटत होत्या आणि त्यांच्यातला रंग विरघळून मूत्रपिंडातून बाहेर पडत होता.

मग रक्ताला वेगळा निळा रंग देऊन पाहिलं. गोचीड तापासाठी काचपट्टीला जो नेहमीचा रंग देतात त्यात ही गोष्ट पुसट दिसते आणि नजरेतून निसटते. निळ्या रंगात मात्र लाल पेशींच्या कडेला गडद ठिपके उठून दिसले, पेशीला फोड आल्यासारखे. यांना हाइन्झ बॉडी म्हणतात. पेशीतल्या हिमोग्लोबिनवर रासायनिक घाव बसून त्याची गुठळी झाली की ती अशी दिसते. अशा पेशी लवकर फुटतात, आणि ज्या फुटत नाहीत त्यांना प्लीहा रक्तातून काढून टाकते. कुत्र्याच्या रक्तात हे ठिपके भरपूर दिसले की संशयितांची यादी फार लहान होते, आणि आपल्या स्वयंपाकघरात त्यातलं एकच नाव बसतं. कांदा, आणि त्याचा भाऊ लसूण.

मी घरच्यांना तसं विचारलं तर आज्जी दुखावल्या. "मॅडम, कांदा त्याला आम्ही कधी घातलाच नाही. तिखट रस्सासुद्धा नाही. अळणीच घालतोय की."

अळणीची फसगत

कोल्हापूरच्या बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागेल. अळणी म्हणजे खरं तर बिनमिठाचं. पण आपल्या मटणाच्या स्वयंपाकात अळणी म्हणजे तिखट पडण्याआधीचं. मटण कुकरला लावताना त्यात हळद, मीठ, आलं-लसणाचं वाटण आणि बारीक चिरलेला कांदा जातो. ते शिजलेलं पाणी म्हणजे अळणी. पुढं त्याचाच पांढरा होतो, त्याचाच तांबडा होतो. लहान मुलांना आणि पथ्यावरच्या माणसाला तेच देतात, आणि त्याच मायेनं कुत्र्यालाही. तिखट नाही म्हणजे सोसवेल, हा हिशेब माणसाच्या पोटासाठी बरोबर आहे. कुत्र्याला मात्र मिरचीपेक्षा कांदा-लसूण घातक, आणि ते अळणीत पूर्ण उतरलेले असतात. कांदा शिजून विरघळला, डोळ्यांना दिसेनासा झाला, तरी त्यातली गंधकाची संयुगं नाहीशी होत नाहीत. शिजवून, तळून, वाळवून, कशानंही तो कुत्र्यासाठी सुरक्षित होत नाही. फोडी वेचून काढल्या आणि रस्सा दिला तर काही वाचत नाही, कारण जे लागायचं ते रश्शातच आहे.

मग आज्जींबरोबर बसून रविवारचा हिशेब मांडला. एक किलो मटण. कुकरमध्ये दोन कांदे, वाटणात भाजलेले तीन, म्हणजे मध्यम आकाराचे पाच, साधारण 400 ग्रॅम. लसणाचे दोन गड्डे, 60 ग्रॅमच्या आसपास. दुपारी मोत्याला अळणीत कुस्करलेली भाकरी, आणि रात्री सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्यात उरलेलं. त्यात तांबडाही असायचा, हे बोलता बोलता निघालं. सगळं मिळून रश्शाचा पाव हिस्सा त्याच्या पोटात जात होता. म्हणजे 100 ग्रॅम कांदा आणि 15 ग्रॅम लसूण.

कुत्र्याच्या वजनाच्या अर्धा टक्क्याहून जास्त कांदा एका वेळी पोटात गेला तर बाधा होते, असा पशुवैद्यकात सर्वसाधारण आडाखा आहे. 12 किलोला तो 60 ग्रॅम होतो, एका मध्यम कांद्याहूनही कमी. लसूण वजनाला वजन कांद्याच्या तिप्पट-चौपट जोरदार धरतात. म्हणजे मोत्या दर रविवारी रेषेच्या दुप्पट-अडीचपट पुढं जात होता. त्यात तांबड्यातली चटणी मी धरलेलीच नाही. उन्हाळ्यात कुटून बरण्यांत भरलेली आपली कांदा-लसणाची चटणी फार दाट असते. ताज्या कांद्यात दहा हिश्शांतले जवळपास नऊ हिस्से पाणी असतं. वाळवलेला चमचाभर कांदा म्हणजे ताज्या कांद्याचे कितीतरी चमचे.

रोज थोडं दिलं तर चालेल का, असं पुष्कळ जण विचारतात. चालत नाही, कारण घाव साठत जातात. आज जखमी झालेल्या पेशींची जागा नवीन पेशींनी भरायच्या आत पुढचा घास पोटात गेला तर तूट वाढत राहते. मोत्याचं 29 वरून 24 झालं ते असंच.

चार दिवसांचं अंतर

ही भानगड लवकर सापडत नाही याचं कारण तिची वेळ. कांदा खाल्ल्यावर त्या दिवशी फार तर थोडी उलटी किंवा जुलाब होतात, कधी तेही नाही. पेशींवर घाव पहिल्या दिवसातच बसायला लागतो, पण पुरेशा पेशी फुटून अशक्तपणा दिसायला बहुतेक वेळा तीन ते पाच दिवस जातात. रविवारच्या रश्शाचा परिणाम बुधवारी-गुरुवारी दिसतो. तोवर घरातल्या कुणाच्याही डोक्यात मटण नसतं. आणि त्याच वेळी अस्थिमज्जा नव्या पेशी घाईनं सोडायला लागलेली असते, म्हणून शनिवारपर्यंत कुत्रा सावरल्यासारखा वाटतो. त्याच आनंदात रविवारी त्याला दोन घास जास्त मिळतात.

म्हणून असा वारंवार मरगळणारा कुत्रा असेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन आठवडे दोन गोष्टी लिहा: मरगळल्याचा दिवस, आणि घरात मटण, चिकन, मिसळ, कांद्याची भजी, थालीपीठ, पोहे यातलं काय कधी झालं तो दिवस. दोन खुणांमधलं अंतर पुन्हा पुन्हा तीन ते पाच दिवसांचं आलं तर दवाखान्यात जाताना तेच कॅलेंडर घेऊन जा. रक्त निळ्या रंगात पाहायला सांगा. गोचीड तापाची तपासणी तरीही करून घ्या, कारण दोन्ही एकाच वेळी असू शकतात. ताप असेल, प्लेटलेट कमी आल्या असतील, तर पारडं गोचिडीकडे झुकतं.

घरी हिरड्या बघायची सवय लावून घ्या. वरचा ओठ उचलून हिरडीवर बोट दाबा आणि सोडा. पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरडीच मुळात फिकट, पांढुरकी किंवा पिवळट दिसत असेल तर थांबू नका. पुष्कळ देशी कुत्र्यांच्या हिरड्या काळ्या असतात, त्यांची खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघा. लघवीचा रंग मातीत कळत नाही, पांढऱ्या फरशीवर किंवा कापसावर कळतो.

कांद्याला उतारा नाही. खाऊन तास-दोन तासच झाले असतील तर दवाखान्यात उलटी करवून पुष्कळसा बाहेर काढता येतो. चौथ्या दिवशी उलटीचा काही उपयोग नसतो. तेव्हा कांदा पूर्ण बंद करून विश्रांती, गरज पडली तर सलाईन आणि प्राणवायू, आणि प्रमाण फार उतरलं तर दुसऱ्या कुत्र्याचं रक्त. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न कृपा करून करू नका. त्यानं रक्तातलं मीठ चढून कुत्रा दगावू शकतो.

द्राक्षं आणि चॉकलेट यांचं घड्याळ वेगळं

कांद्यासारखंच मागं मोजायचं, पण अंतर निराळं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये तासगाव-सांगलीकडच्या पाहुण्यांकडून द्राक्षांच्या पेट्या येतात आणि घरात बेदाणे वर्षभर असतात. यात त्रास मूत्रपिंडांना होतो. पहिल्या दिवसात उलट्या, मग खाणं बंद, आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंड काम सोडू लागतं. लघवी आधी वाढल्यासारखी वाटते, मग कमी होते, मग थांबते. अमुक किलोच्या कुत्र्याला अमुक इतकी चालतात, असा भरवशाचा आकडा इथं देता येत नाही. एखादा कुत्रा मूठभर खाऊन बरा राहतो, दुसरा थोडक्यात जातो. 2021 पासून पशुवैद्यकात द्राक्षांतल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं जातं, आणि ते आम्ल फळागणिक कमी-जास्त असतं, त्यामुळे हे कोडं बरंचसं सुटतं. तेच आम्ल चिंचेतही भरपूर आहे. म्हणून चिंच घातलेली आमटी आणि चिंचेचं सार मी कुत्र्याच्या ताटातून बंदच करायला सांगते. शिऱ्यातले, लाडवातले बेदाणेही यात आले. वाळल्यामुळे ते द्राक्षांहून जास्त दाट असतात. द्राक्षं किंवा बेदाणे खाल्लेले दिसले तर लक्षणांची वाट बघू नका, त्याच तासात निघा. मूत्रपिंड बिघडायच्या आत सलाईन लागलं तर वाचण्याची आशा चांगली असते.

चॉकलेटचं उलट आहे. ते सहा ते बारा तासांत बोलायला लागतं: तहान, अस्वस्थपणा, उलटी, धापा, छातीत धडधड, जास्त झालं तर झटके. त्यातलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार हळू निघतं, म्हणून त्रास दोन-तीन दिवस चालू शकतो. चॉकलेट जितकं काळं आणि कडू, तितकं वाईट. मोत्याएवढ्या कुत्र्याला दुधाच्या चॉकलेटनं त्रास सुरू व्हायला शंभरेक ग्रॅमच्या वर लागेल, पण केकसाठी आणलेली कोको पावडर दोन मोठे चमचेसुद्धा पुरते. वेष्टन टाकू नका, दवाखान्यात सोबत आणा. त्यावरून किती पोटात गेलं ते काढता येतं.

मग घरचं काय घालायचं

मोत्याच्या घरी मी डब्यातलं खाणं आणा असं सांगितलं नाही. ते त्यांना परवडलंही नसतं आणि आज्जींना पटलंही नसतं. बदल एवढाच केला की कुत्र्याचा वाटा कांदा पातेल्यात पडायच्या आधी बाजूला निघेल. रविवारी मटण धुतल्यावर मोत्यासाठी चरबी काढलेले, हाड नसलेले तुकडे वेगळ्या डब्यात घालायचे, नुसतं पाणी आणि चिमूटभर हळद, आणि तो डबा कुकरमध्येच वरच्या बाजूला झाकण लावून ठेवायचा. मीठ नाही, आलं-लसूण नाही. झाकण महत्त्वाचं, नाहीतर खालचा रस्सा उसळून डब्यात येतो. इतर दिवशी भात, उकडलेलं बिनहाडाचं चिकन किंवा अंडं, आणि शिजवलेला लाल भोपळा, गाजर किंवा बिन्सच्या शेंगा. वरण द्यायचं तर फोडणीच्या आधीचं, बिनमिठाचं.

नळीचं शिजलेलं हाड देऊ नका. कच्च्या हाडापेक्षा ते ठिसूळ होतं, टोकदार चिरफळ्या उडतात आणि आतड्याला भोक पडू शकतं. तुपाची, चरबीची खरवडही नको, कारण एकदम जास्त चरबीनं स्वादुपिंड सुजतं. उलट्या आणि पोटदुखीनं कुत्रा पाठ वाकवून उभा राहतो, आणि लोकांना वाटतं गॅस झालाय.

दूध-भाकरीबद्दल मात्र मला थोडं जास्त बोलायचंय, कारण आपल्याकडे निम्म्या कुत्र्यांचं तेच जेवण आहे. भाकरी विषारी नाही, दूधही नाही. पण पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला दूध पचवायचा रस पुरेसा नसतो, त्यामुळे पुष्कळांना पातळ होतं. दही त्या मानानं सोसतं, थोडं दिलं तर. दूध-भाकरीवरच ठेवलेल्या कुत्र्याला प्रथिनं कमी पडतात. अंगावरची कातडी राठ होते, केस गळतात, आणि मोत्यासारखी रक्ताची तूट आली तर ती भरून काढायला शरीरात कच्चा मालच नसतो. उलट नुसत्या भात आणि मांसावर ठेवलं तर कॅल्शियम कमी पडतं, ते पिल्लांच्या हाडांना फार लवकर जाणवतं. म्हणून कायम घरचंच घालणार असाल तर कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं किती द्यायची ते वजन करून आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. अंदाजानं घालू नका, जास्तही बाधतं.

पुन्हा अडकलं तेव्हा

कांदा बंद केल्यावर तीन आठवड्यांनी मोत्याचं प्रमाण 33 आलं. मग दोन आठवडे ते तिथंच अडकलं. रक्तात पुन्हा थोडे ठिपके दिसले. रविवारचा डबा नीट चालू होता, मी स्वतः आज्जींशी बोलले. शेवटी घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं. सकाळी आजोबा आपल्या ताटलीतले कांदेपोहे त्याला भरवत होते, आणि संध्याकाळी भडंग. भडंगातल्या तळलेल्या लसणाच्या पाकळ्या आजोबांना चावत नव्हत्या, त्या सगळ्या मोत्याच्या वाट्याला जायच्या. "एवढ्याशानं काय हुतंय," असं ते म्हणाले, पण निळ्या रंगातली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली तेव्हा बराच वेळ बघत राहिले.

एकत्र घरात ही अडचण नेहमी येते. ज्याच्या हातात पातेलं आहे तेवढ्याच माणसाला आपण समजावतो, आणि खरा घास भलताच कुणीतरी देत असतो. मोलकरीण, शेजारची मुलं, गल्लीतला भजीवाला, सगळ्यांना सांगावं लागतं. गल्लीतली कुत्री सगळं खाऊन धडधाकट दिसतात, हा दाखलाही लोक देतात. पण त्यांची लघवी पांढऱ्या फरशीवर कुणी बघत नाही, आणि त्यातलं एखादं दोन दिवस ओट्याखाली पडून राहिलं तर ते कुणी मोजत नाही.

आजोबांनी भडंग बंद केलं नाही, मोत्यासाठी खिशात उकडलेल्या गाजराचे तुकडे ठेवायला लागले. सहा आठवड्यांनी प्रमाण 41 आलं. आता तो दर तीन महिन्यांनी येतो, आणि आज्जी कॅलेंडर पिशवीतून काढून माझ्या टेबलावर ठेवतात.